खंडेनवमीचा माईक

आमच्या आईचा देवावर किती विश्वास आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण खंडेनवमीवर मात्र पूर्ण आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्याच्यावर घराचं पोट भरतं त्या प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू लागलंच पाहिजे. वडील होते तेव्हा विळे, खुरपी, नट आवळायचे पाने, पंपाची मोटार अशी रांग लागायची. आता शेत भावाकडे आहे आणि माझं पोट लोकांच्या आवाजावर भरतं. त्यामुळे पाटावर आवाज जुळवायचा मिक्सर, हार्मोनियम, स्कूटर पुसायचं फडकंसुद्धा येतं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, असा नियम. वर्षातला तो एकच दिवस माझ्या खोलीत कुणी बेसूर गात नाही, म्हणून मलाही तो सण प्रिय आहे.

खोली श्रीरामपुरात आहे, बाजारपेठेमागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या वर; खाली दुकानामागं मी आणि आई राहतो. लोक तिला स्टुडिओ म्हणतात. मी भिंतींना गोधड्या ठोकल्यात, छताला फोम चिकटवलाय आणि खिडकी विटांनी बुजवून टाकलीय. श्रावणात भजनी मंडळं येतात, दिवाळीनंतर नाताळची गाणी घेऊन चर्चची तरुण पोरं येतात, आणि मधल्या काळात खतांच्या दुकानांच्या जाहिराती, ज्या टेम्पोवर कर्णा लावून गावोगाव फिरतात. 'शेतकरी बंधूंनो' हे दोन शब्द मी जितक्या गळ्यांतून ऐकलेत तितके कुठल्या पुढाऱ्यानेही ऐकले नसतील.

या खोलीत अभिमानानं दाखवावी अशी एकच वस्तू होती. कंडेन्सर माईक. पुण्यातला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथून जुना आणला होता. जाळीच्या आत डोकावलं तर सोन्याचा मुलामा दिलेली चकती दिसायची. आईला ती फार आवडायची. "एवढ्याशा डबीत सोनं घालून ठिवलंय," असं ती आल्या-गेल्याला सांगायची, जणू मी सराफ आहे.

त्या वर्षी नवमीच्या दुपारी बाईंची मुलगी खोलीवर आली.

बाई म्हणजे शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या बाई. चर्चच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर. मला त्यांनी सहावीपासून दहावीपर्यंत शिकवलं, कान पिळला, वर्गाबाहेर उभं केलं आणि स्नेहसंमेलनात पहिल्यांदा माईकसमोरही त्यांनीच उभं केलं. आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगाही 'न्यूटन' ऐकून दचकायचा. काही महिन्यांपासून तो बसला होता. आधी सर्दी म्हणाले, मग ॲसिडिटी म्हणाले, आणि मग पुण्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाठ आहे आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मानेला श्वासासाठी भोक राहील. बोलणं संपलं.

"ऑपरेशनची तारीख अचानक मिळाली," मुलगी म्हणाली. "उद्या संध्याकाळी निघायचं, परवा दाखल. त्याच्या आधी आईचा आवाज घ्यायचाय."

मला वाटलं आठवण म्हणून. लोक करतात तसं. मी म्हणालो, मोबाईलवर घेतला नाहीत का?

घेतला होता. आणि तिथंच खरी गोष्ट सुरू होत होती. बाईंचे यजमान साखर कारखान्यात होते, मी त्यांना काका म्हणायचो. काचबिंदूनं त्यांचे डोळे केव्हाच गेले होते आणि अलीकडे डोकंही निसटायला लागलं होतं. मुलीला ते कधी ओळखायचे, कधी 'तुम्ही कुठल्या' म्हणून विचारायचे. जेवण, गोळ्या, अंघोळ, सगळं फक्त बाईंच्या सांगण्यावरून. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून बसायचे. बाईंनी "अहो, उठा" म्हटलं की उठायचे. त्यांच्यासाठी बायको म्हणजे एक आवाज उरली होती, आणि तोच आता कापून टाकायचा होता.

मोबाईलवर घेतलेलं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवून बघितलं होतं. बाईंचा आवाज आता निम्मा श्वासच होता. मोबाईल तो श्वास म्हणजे गोंगाट समजून पुसून टाकतो आणि उरलेल्याचा पत्रा करतो. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "कुणाचा फोन आहे? मी जेवतोय म्हणावं."

"तुझ्याकडचा चांगला माईक आहे ना," मुलगी म्हणाली, "त्यानं तरी आई आईसारखी ऐकू येईल का?"

मी छाती फुगवून म्हणालो, येईल. आणि ते खोटं नव्हतं. दबका, फाटका, कुजबुजता आवाज पकडायचा तर तोच माईक. आज हत्यार चालवायचं नाही म्हणून, आणि बाईंकडेही प्रार्थनेला माणसं येणार होती म्हणून, दुसऱ्या दिवशी सकाळचं ठरलं. मी माईक पेटीतून काढून स्टँडवर लावला, तार जोडून ठेवली, आईला सांगितलं की उद्या बाई येणार आहेत, आणि झेंडूची फुलं आणायला गेलो. परत आलो तोवर पूजा झाली होती. मिक्सरला टिळा, हार्मोनियमला टिळा, माईकच्या जाळीला टिळा, आणि स्टँडच्या पायाशी नारळ. जाळीवरचं कुंकू मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं. आई पाठीमागून म्हणाली, "उद्याच्याला तरी ऱ्हाऊ दे की." मी म्हणालो, तो देव नाही, माईक आहे. ती पुटपुटत खाली गेली.

दसऱ्याच्या सकाळी मी बाई यायच्या आधी सगळं तपासलं. मिक्सरवरचं अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण दाबलं, दिवा लागला, हॅलो म्हटलं, आवाज स्वच्छ होता. समाधानानं चहा प्यायलो. त्या चहाची चव मला अजून आठवते, कारण त्यानंतर कितीतरी दिवस मला कशालाच चव लागली नाही.

बाई आल्या त्या गळ्याला मफलर गुंडाळून, एका हातात मुलीचा हात आणि दुसऱ्या हातात पाटी. पोरांना मिळते तशी प्लॅस्टिकची, लिहून खेचलं की पुसणारी. डॉक्टरांनी आवाज जपून वापरायला सांगितला होता. सकाळी थोडा वेळ जरा बरा असतो, मग नुसती हवा येते, असं मुलगी म्हणाली. म्हणून घरापासून इथपर्यंत बाई एक शब्दही बोलल्या नव्हत्या. वर्गात एक मिनिट गप्प न बसणारी ही बाई जिना चढताना पाटी छातीशी धरून होती.

माईकसमोर खुर्चीवर बसल्या. जाळीच्या खाचेत कुंकवाचा एक लाल ठिपका राहिला होता, तो त्यांनी बोटानं दाखवला आणि पाटीवर लिहिलं: 'तुझ्या आईने?'

"हो. काल खंडेनवमी होती ना."

त्या हसल्या. मग लिहिलं: 'हा कसा चालतो? सांग.'

आता या बाईंना कुणी सांगावं की वेळ कमी आहे. शिकवणाऱ्याला शिकायची खोड असते. शिवाय त्यांचा श्वास जिन्यामुळे लागला होता, तो बसेपर्यंत थांबायचंच होतं. म्हणून मी सांगितलं. वर्गात फळ्याजवळ उभं राहून सांगायचो तसंच, हात मागे बांधून.

म्हटलं, बाई, आत दोन चकत्या आहेत. मागची जाड, पितळेची, भोकं पाडलेली. पुढची अगदी पातळ, प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची, तिच्यावर सोन्याचा मुलामा. दोघींमध्ये केसाएवढी फट. म्हणजे तुम्ही शिकवलेलं धारित्र, कंडेन्सर. या तारेतूनच वर अठ्ठेचाळीस व्होल्ट जातात आणि त्या चकत्यांवर विद्युतभार बसतो. मध्ये फार मोठा रोध असतो, म्हणून एकदा बसलेला भार पटकन येऊ-जाऊ शकत नाही. तुम्ही बोललात की पुढची चकती थरथरते, फट कमी-जास्त होते.

बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि पाटीवर भरभर लिहिलं: 'भार तोच. अंतर बदलतं. म्हणून विभवांतर बदलतं.' आणि खाली रेघ मारली. पूर्वी पेपरात बरोबर उत्तराखाली मारायच्या, तशी.

"पैकीच्या पैकी," मी म्हणालो. मुलगी हसली, बाईंचे खांदेही हलले.

पुढे त्यांनी विचारलं की ज्या तारेतून वीज वर जाते त्याच तारेतून आवाज खाली कसा येतो, गोंधळ होत नाही का. मी सांगितलं की आतल्या दोन्ही तारांवर अठ्ठेचाळीस सारखेच असतात, म्हणून त्या दोघींमध्ये फरक शून्य. आवाज मात्र दोघींमधला फरक म्हणून येतो, आणि खालचं यंत्र फक्त फरक वाचतं. ती वीज असून नसल्यासारखी, म्हणून तिला फँटम, म्हणजे भूत, म्हणतात. त्याच विजेवर माईकच्या पोटातलं छोटं सर्किटही चालतं. चकत्यांवरचा बदल इतका दुबळा असतो की त्याला लांब तारेतून ढकलायला हे सर्किट लागतंच. वीज बंद केली तर हा माईक मुका.

मुका हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि जीभ चावावीशी वाटली. बाईंनी मात्र नुसती मान हलवली आणि बोटानं खूण केली, सुरू कर.

त्यांनी वाचायला काही आणलं नव्हतं. स्तोत्र नाही, प्रार्थना नाही. रोजची वाक्यं, एवढंच. आवाज अगदी दुबळा, म्हणून मी त्यांना माईकच्या अगदी जवळ, चार बोटांवर बसवलं. मधल्या काचेच्या भिंतीपलीकडे, मिक्सरपाशी जाऊन हेडफोन लावला आणि हात वर केला.

"अहो, उठा. सकाळ झाली."

मी कित्येक वर्षं आवाज ऐकतोय, पण त्या क्षणी मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. सगळं आलं होतं. घशातला खरखरीतपणा, त्याच्या खालचा जुना भरदार स्वर, 'उठा'च्या आधी घेतलेला छोटासा श्वास, ओठ उघडतानाचा आवाज. माणूस कानाशी येऊन बोलतं तसं. मुलगी माझ्याशेजारी दुसरा हेडफोन लावून बसली होती, तिनं तोंडावर पदर दाबला.

"मीच आहे. हात धरा माझा. पायरी आहे, हळू."

आणि मग हेडफोनमध्ये फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. एकदा. मग पुन्हा. मला वाटलं तार सैल आहे. बाई बोलत राहिल्या, "आता गोळी घ्यायची, कडू नाहीये," आणि प्रत्येक शब्दाला त्यांचा आवाज पातळ होत गेला. आधी खालचा भरदारपणा गेला, मग उरलेला बारीक आवाजही लांब लांब जायला लागला. समोर बाई चार बोटांवर बसलेल्या दिसत होत्या आणि कानात त्या नदीपलीकडून बोलत होत्या.

मी थांबवलं. तार बदलली, मिक्सरचं दुसरं भोक वापरलं, बटण बंद करून सुरू केलं. तडतड तशीच. मग मोबाईलचा दिवा लावून जाळीच्या आत बघितलं आणि मला कळलं.

सोन्याच्या चकतीवर आणि तिच्या कडेच्या कड्यावर लाल-पिवळी पूड बसली होती. आईनं टिळा नुसता बाहेरून लावला नव्हता. फुलानं पाणी शिंपडलं होतं, वर हळद-कुंकू चिमटीनं वाहिलं होतं, देवाला वाहतात तसं. जाळीतून ते आत गेलं होतं. कोरडं होतं तोवर काही बिघडलं नाही, म्हणून माझं सकाळचं हॅलो स्वच्छ आलं. पण बाई चार बोटांवरून बोलत होत्या, त्यांच्या श्वासाची वाफ त्या पुडीनं ओढून घेतली, आणि ओल्या पुडीची वाट तयार झाली, चकतीपासून कड्यापर्यंत. ज्या भाराला कुठूनही जायला जागा नसावी, तो त्या वाटेनं झिरपत होता. ज्यांचा आवाज घ्यायचा, त्यांच्याच श्वासानं माईक मरत होता.

मी आत गेलो. बाईंनी माझ्याकडे बघितलं, जाळीतल्या लाल ठिपक्याकडे बघितलं, आणि पाटीवर दोन शब्द लिहिले: 'भार गळतोय?'

मी हो म्हणालो. चाळीस मुलांच्या वर्गात शिकवलेलं एवढ्या वाईट वेळी खरं ठरायला नको होतं.

आता तुम्ही म्हणाल, पुसून टाकायचं. तो पापुद्रा इतका नाजूक की कापसाचं बोट लावलं तरी फाटतो किंवा मुलामा निघतो. फुंकर मारली तर आणखी वाफ. वाळवायचा म्हटलं तर टेबलावरच्या दिव्याजवळ ठेवून तासन्‌तास थांबायचं, आणि पूड तर तशीच राहणार. हे काम करणारा माणूस पुण्यात, तोही सणाला दुकान बंद करून गावी गेलेला. नगरच्या एका ओळखीच्या साउंडवाल्याला फोन केला, त्याचे सगळे माईक देवीच्या कार्यक्रमाला काष्टीकडे गेले होते. "दसऱ्याला माईक मागतोस व्हय? लग्नात नवरी मागितल्यासारखं हाय हे," असं म्हणून तो हसला. मी फोन ठेवला. चर्चमधले माईक मंचावरचे, हातात धरून गायचे.

तसला एक माझ्याकडेही होता. तो साधा, त्याला कसली वीज लागत नाही. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं, आवाजानं वेटोळं हललं की स्वतःच वीज तयार करतो. त्याला हळदीत लोळवलं तरी चालेल. पण ते वेटोळं जड. ठणठणीत गळा असला तर उत्तम, बाईंच्या फुंकरीएवढ्या आवाजानं ते जेमतेम हलणार. तरी लावला. मिक्सरवर आवाज शेवटपर्यंत चढवला. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, शहाण्या विद्यार्थ्यासारखी. "अहो, उठा." शब्द आले, पण सतत पाऊस पडत असल्यासारख्या खरखरीच्या मागून, बोथट, कुणाचेही असावेत असे. आणि तिसऱ्या वाक्याला बाईंचा आवाजच संपला. ओठ हलत होते, हवा येत होती. त्यांनी पाणी प्यायलं, डोळे मिटले, पुन्हा जोर केला. गळ्याच्या शिरा फुगल्या. काहीच नाही.

"आई, बास," मुलगी म्हणाली. "बास ना गं."

मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला कुणी नव्हतं. यंत्रात कुठं काय होतंय ते मला रेघ न् रेघ ठाऊक होतं. त्याचा उपयोग शून्य होता. काही कळत नसतं तर निदान नशिबाला शिव्या दिल्या असत्या.

बाई उठल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला, जाताना जाळीवरच्या ठिपक्याला हलकेच बोट लावलं आणि जिना उतरल्या. खाली आई आपट्याची पानं घेऊन दारात उभी होती. तिनं बाईंच्या हातात पान ठेवलं, बाईंनी तिला जवळ घेतलं. रिक्षा गेल्यावर मी आईवर तुटून पडायलाच निघालो होतो. शब्द तोंडात तयार होते आणि एकही बरा नव्हता.

तेवढ्यात तीच म्हणाली, "झालं का रं चांगलं? लई गुणाची बाई. तिचं काम हाय म्हनून काल तुज्या त्या सोन्याच्या डबीला मी दोनदा कुंकू वाह्यलं. म्हनलं, सगळ्यांचं एकदा, हिचं दोनदा."

मी "झालं" म्हणालो आणि वर गेलो. अजूनही तिला माहीत नाही. यंदाही तिनं पूजा केली. मी माईक आधीच पेटीत घालून पेटी पुढे ठेवली, तिनं पेटीला कुंकू लावलं.

दिवाळीनंतर बाई घरी आल्या. मुलीनं बोलावलं म्हणून मी एक चांगला स्पीकर घेऊन गेलो. बाई खूप वाळल्या होत्या. गळ्याच्या खालच्या भागात एक नळी, तिच्यावर जाळीचा रुमाल, आणि तिथूनच श्वास येत-जात होता. हातात तीच पाटी. काका आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाई दवाखान्यात असताना त्यांचं खाणं जवळजवळ सुटलं होतं. आता बाई स्वतः घास भरवायला जात, तर ते तोंड फिरवून म्हणत, "ह्या कोण नर्सबाई? आमच्या हिला बोलवा." बाई त्यांचा हात हातात घेत, तो ते काढून घेत. इतक्या वर्षांचा संसार केलेला हात, पण आवाजाशिवाय तो त्यांना कुणा परक्या बाईचा वाटत होता.

मी आधी साध्या माईकवरचं लावलं. काकांनी मान कलती केली, ऐकलं, आणि सभ्यपणे म्हणाले, "कोण आल्यात? बसा म्हणावं. चहा टाका."

मग दुसरं लावलं. तडतड सुरू होईपर्यंतचं जेवढं नीट होतं तेवढं मी वेगळं काढून ठेवलं होतं, पण घाईत मोबाईलवर बोट चुकीच्या ठिकाणी पडलं आणि संपूर्णच सुरू झालं.

"अहो, उठा. सकाळ झाली."

काका उठले. खरोखर उठले. कोपरावर जोर देऊन बसले, पाय खाली सोडले, चेहरा एकदम धुऊन काढल्यासारखा झाला. "उठतो गं," ते म्हणाले, "उठलोच. किती दिवसांनी आलीस."

"मीच आहे. हात धरा माझा."

त्यांनी हात पुढे केला. आवाजाच्या दिशेनं, म्हणजे स्पीकरच्या दिशेनं, टेबलाकडे. बाई पलीकडे उभ्या होत्या. त्या धावत वळसा घालून आल्या आणि तो हात त्यांनी धरला, आणि नेमकी तेव्हाच तडतड सुरू झाली आणि आवाज पातळ होत लांब जायला लागला.

काकांचा चेहरा बदलला. "अगं," ते म्हणाले, "अशी लांब का चाललीस? जवळ ये. ऐकू येईना मला."

बाई त्यांच्यापासून एका हातावर होत्या. नळीतून श्वास जोरात येत होता, नुसती हवा. त्यांनी दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला आणि दाबला. मी बटण शोधत होतो आणि मला ते सापडत नव्हतं.

काकांनी आपला हात हळूच सोडवून घेतला. रागानं नाही, अदबीनं. "थांबा जरा बाई," ते म्हणाले, "आमची मंडळी बोलतेय."

मी बंद केलं. मुलगी स्वयंपाकघरात निघून गेली. काका बसून राहिले, मान कलती, कान टेबलाकडे.

माईक मी नंतर पुण्याला पाठवला. चकती नवी बसवून आली, आता कुजबुजही काचेसारखी स्वच्छ येते. परवाच एका पोरानं त्यावर खतांची जाहिरात केली.

पण त्या दिवशीचं तिथं संपलं नाही. बाईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं. मग गोळी आणि पाण्याचा पेला हातात घेतला आणि पाटी माझ्यापुढे धरली. लिहिलं होतं: 'पहिलं वाक्य. पुन्हा लाव.'

मी लावलं. "अहो, उठा. सकाळ झाली." काका म्हणाले, "उठलोय की." बाईंनी त्यांचं तोंड मिटायच्या आत गोळी त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी तोंड उघडलं, गोळी गिळली, पाणी प्यायलं, पेला बाईंच्याच हातात दिला आणि आवाज जिथून आला होता तिकडे तोंड करून विचारलं, "तू घेतलास का चहा?"

आता रोज तेवढं एक वाक्य वाजतं, सकाळी आणि संध्याकाळीही. संध्याकाळीसुद्धा काकांसाठी सकाळच होते. ते उठतात, गोळी घेतात, जेवतात, आणि टेबलाकडे तोंड करून चहाचं विचारतात. बाई समोर बसून हो म्हणून मान हलवतात.